बँक कुठल्या शनिवारी बंद?

आधी शनिवारी बँका अर्धा दिवस चालायच्या, मग 2015 च्या पगारकरारात युनियन आणि बँकांचं ठरलं की दुसरा आणि चौथा शनिवार पूर्ण सुट्टी, बाकीचे शनिवार फुल डे, 1 सप्टेंबर 2015 पासून हेच चालू आहे. आठवडे मोजत बसू नका, नुसती तारीख बघा, शनिवार 8 ते 14 किंवा 22 ते 28 मध्ये आला की बँक बंद. ऑगस्ट 2026 घ्या, शनिवार 1, 8, 15, 22, 29, म्हणजे 8 आणि 22 बंद, 15 तिसरा असूनही स्वातंत्र्यदिनामुळे बंदच, 29 पाचवा म्हणून चालू. आणि लगेच 5 सप्टेंबर पहिला, तोही चालू, त्यामुळे ‘एक आड एक’ हिशोब इथे फसतो.