शिमारु की शिमेरु? जोडीचा शेवट बघा

जपानीत ‘दार लागलं’ आणि ‘दार लावलं’ यांसाठी शिमारु आणि शिमेरु अशी जोडी आहे. कुठलं कुठे, हा घोळ शेवटावरून बराचसा सुटतो.

१. जोडीतलं एक ‘सु’ने संपत असेल तर सकर्मक तेच: केसु (विझवणे), किएरु (विझणे).
२. ‘सु’ नसेल तर ‘आरु’वालं शोधा. ते बहुधा अकर्मक: दोआ गा शिमारु. समोरचं सकर्मक: दोआ ओ शिमेरु.

नुसता ‘एरु’ मात्र फसवा. आकेरु (उघडणे) सकर्मक, याकेरु (भाजलं जाणे) अकर्मक.

आणि ‘दोआ ओ’मधला, कर्म दाखवणारा ‘ओ’ दिसला की क्रियापद सकर्मक, असंही धरू नका. ‘इए ओ देरु’ म्हणजे घरातून निघणे. इथे ‘ओ’ निघण्याची जागा दाखवतो, देरु अकर्मकच. त्याची सकर्मक जोडी दासु.