यंत्रपुरवठ्याचे हप्ते कसे मांडावेत: ड्रॉइंग मंजुरी, डिस्पॅच आणि कमिशनिंग

टक्केवारी लिहिण्याआधी आपला पैसा कधी बाहेर जाणार आहे, ते कागदावर मांडा. समजा, ग्राहकाच्या गरजेप्रमाणे एक हायड्रॉलिक प्रेस बनवायचा आहे आणि त्याची किंमत 100 धरली. डिझाइनला 6, पोलाद, पंप, मोटर, सिलिंडर आणि कंट्रोल पॅनेलला 48, बनवणी आणि चाचणीला 20, साइटवरच्या उभारणीला 6 लागतील. एकूण खर्च 80, उरतात 20.

ग्राहक म्हणतो: ऑर्डरबरोबर 10, ड्रॉइंग मंजुरीला 20, डिस्पॅचला 30, कमिशनिंगला 40. ऐकायला वावगं वाटत नाही. पण यंत्र गेटबाहेर पडलं की हाती 60 आणि खर्च झालेले 74. उभारणी धरली की 80. म्हणजे नफा तर सोडाच, घरचे 20 दुसऱ्याच्या आवारात अडकले.

म्हणून आधी शेवटचा हप्ता ठरवा. तो आपल्या नफ्यापेक्षा मोठा असू नये. या प्रेससाठी मी 20, 20, 50, 10 असा प्रस्ताव देईन. डिस्पॅचपर्यंत 90 जमा होतात आणि कमिशनिंग लांबलं तरी पदरचे पैसे अडकत नाहीत. मालखरेदी ते डिस्पॅच या काळात मात्र ओढाताण असेल: हाती 40 आणि खर्च 74 पर्यंत चढत जातो. ती तफावत कशी भागवायची, हे प्रस्ताव पाठवण्याआधीच बघा.

ग्राहकाची भीतीही खरी आहे. अॅडव्हान्स घेऊन पुरवठादार गप्प बसला तर? यंत्र टाकून गेला आणि परत आलाच नाही तर? त्यावर टक्के कमी करू नका, बँक गॅरंटी द्या. एक अॅडव्हान्सच्या रकमेची, डिस्पॅचला संपणारी. गरज पडली तर दुसरी 10 टक्क्यांची, वॉरंटी संपेपर्यंतची. गॅरंटीचा खर्च किमतीत धरायला विसरू नका.

आता प्रत्येक हप्ता कशावर देय होतो ते लिहायचं. इथेच बहुतेक वाद जन्म घेतात. ‘ड्रॉइंग मंजूर झाल्यावर’ एवढं पुरत नाही. कोणती ड्रॉइंग, ते नावानिशी लिहा: सर्वसाधारण मांडणी, फाउंडेशन आणि हायड्रॉलिक सर्किट. ती मिळाल्यापासून 10 कामकाजाच्या दिवसांत लेखी शेरे आले नाहीत, तर मंजूर समजली जातील. मापं किंवा क्षमता न बदलणारे शेरे असतील, तर हप्ता देय होईल आणि दुरुस्ती सोबत चालू राहील. हे नसेल तर पॅनेलच्या रंगावरून मंजुरी महिनाभर लोंबकळते आणि तोवर सिलिंडरची ऑर्डरही देता येत नाही.

डिस्पॅचचा हप्ता माल निघण्यापूर्वी मागा. पुरावा म्हणजे तुमच्या शॉपमध्ये ग्राहकाच्या माणसासमोर झालेल्या चाचणीचा सहीचा अहवाल. तपासणीची तारीख कळवूनही कोणी आलं नाही, तर 7 दिवसांनी तुमचाच चाचणी अहवाल ग्राह्य धरावा. ‘साइट तयार नाही, यंत्र ठेवून घ्या’ हा निरोप तर हमखास येतो. त्यासाठी एक ओळ घाला: ‘यंत्र तयार असल्याची लेखी सूचना दिल्यापासून 15 दिवसांत ग्राहकाने डिस्पॅचची परवानगी न दिल्यास हा हप्ता देय होईल, साठवण आणि विम्याचा खर्च ग्राहकाकडे राहील.’

कमिशनिंगची व्याख्या मोजता येईल अशी हवी. ‘समाधानकारक चालल्यावर’ हे शब्द काढूनच टाका, कारण समाधान कुणी मोजू शकत नाही. लिहा: ठरलेल्या दाबावर, ग्राहकाच्या मालावर, मिनिटाला 6 स्ट्रोक या वेगाने 8 तास सलग. त्यानंतर एखादं कव्हर, लेबल किंवा ऑइलचा बारीक पाझर उरला, तर त्यांची यादी करून दोघांनी सही करायची. हप्ता त्यासाठी थांबणार नाही.

राहिली सर्वांत महत्त्वाची ओळ. फाउंडेशन, वीज आणि कच्चा माल देणं ग्राहकाच्या हातात असतं. म्हणून ‘कमिशनिंग झाल्यावर, किंवा ग्राहकाच्या कारणाने ते लांबल्यास डिस्पॅचपासून 90 दिवसांनी, यातलं जे आधी होईल तेव्हा’ असं लिहा. ‘ग्राहकाच्या कारणाने’ हे शब्द गाळू नका. आपल्याच चुकीने उशीर झाला असताना पैसे मागणारी अट कोणताही शहाणा खरेदी अधिकारी कापून टाकेल, आणि तिच्यासोबत बाकीचंही जाईल. वॉरंटीही याच तारखेला सुरू होते असं नमूद करा, नाहीतर बंद पडून असलेल्या यंत्राची वॉरंटी वर्षभराने सुरू होईल.

या मुदती नुसत्या लिहून चालत नाही. ‘आमची टीम अमुक तारखेपासून तयार आहे, फाउंडेशन बाकी आहे’ असा ईमेल त्याच दिवशी गेलेला असावा, सोबत साइटचा फोटो. 90 दिवसांनी बिल लावताना हाच कागद जोडायचा असतो.