जोडणी, कोड आणि फोटो : आमचा प्रकल्प दुसऱ्या टेबलावर नेताना

डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षी आम्ही तिघींनी कुंड्यांना आपोआप पाणी देणारे यंत्र केले होते. मातीतील ओलावा मोजणारा कपॅसिटिव्ह सेन्सर, ईएसपी-३२ बोर्ड, रिले आणि पाच व्होल्टचा छोटा पंप एवढेच त्याचे भाग होते. परीक्षा झाल्यावर सर्किट, कोड आणि फोटो आम्ही गिटहबवर खुले ठेवले आणि काम पूर्ण झाले असे समजलो. पुढच्या वर्षीच्या एका विद्यार्थिनीने ते सर्व डाउनलोड करून यंत्र जोडले आणि तिसऱ्या दिवशी तिचा फोन आला : "ताई, कुंडीत काहीही बदल न करता रीडिंग कधी चारशे येते, कधी तीन हजार."

तिने सेन्सरची वायर आमच्या सर्किट आकृतीप्रमाणे जीपीआयओ २५ ला लावली होती, तर आमचा कोड जीपीआयओ ३४ वाचत होता. आम्हीही सुरुवातीला २५ च वापरली होती. परंतु ईएसपी-३२ मध्ये वाय-फाय चालू असताना एडीसी-२ गटातील पिनांवर अॅनालॉग रीडिंग घेता येत नाही आणि २५ ही त्याच गटातली आहे. हे कळल्यावर आम्ही ब्रेडबोर्डवर वायर हलवली, कोड बदलला, आकृती मात्र तशीच राहिली. तिच्या बोर्डवर ३४ क्रमांकाची पिन मोकळीच होती, आणि मोकळी पिन असे भरकटलेले आकडे देते. त्या पिनेजवळ बोट नेले तरी आकडा हलत असेल, तर सेन्सरला दोष देण्याआधी जोडणी तपासावी.

म्हणून आकृती डिझाइनच्या वहीवरून काढू नये, समोर चालत असलेल्या यंत्रावरून काढावी. आम्ही नंतर वीज बंद करून मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवला, एकेका वायरीची दोन्ही टोके तपासली आणि तपासलेली वायर छापील आकृतीवर लाल पेनाने गिरवली. शेवटी न गिरवलेली रेषा उरली, तर आकृती तरी चुकली आहे किंवा यंत्र तरी. आकृतीची पीडीएफ सर्वांना उघडता येते, पण दुरुस्ती करायची असेल तर कीकॅडची मूळ फाइलच लागते, त्यामुळे दोन्ही ठेवाव्यात.

जोडणी सुधारल्यावर तिला वेगळीच अडचण आली : माती ओली असूनही पंप चालू होत असे. आमच्या कोडमध्ये कोरड्या आणि ओल्या स्थितीचे दोन आकडे होते, पण ते कोठून आले याचा एक शब्दही नव्हता. प्रत्येक सेन्सरचे आकडे वेगळे असतात, त्यामुळे मोजण्याची रीत आकड्याशेजारीच लिहायला हवी होती. आता ती अशी आहे :

```cpp
const int SENSOR_PIN = 34; // एडीसी-१
const int DRY = 2790; // सेन्सर हवेत धरून
const int WET = 1240; // रेषेपर्यंत पाण्यात बुडवून
// दोन्ही आकडे स्वतःच्या सेन्सरवर मोजून बदलावेत
```

पंप दहा सेकंदांपेक्षा जास्त चालू नये म्हणून आम्ही टायमर वापरला होता आणि तिच्या संगणकावर `timerBegin(0, 80, true)` ही ओळ कंपाइलच होईना. ईएसपी-३२ च्या आर्डुइनो कोअरच्या ३.० आवृत्तीपासून हे फंक्शन फक्त फ्रिक्वेन्सी घेते, आमच्याकडे २.०.१४ होती. `README.md` मध्ये कोअरचा आवृत्तीक्रमांक लिहिला असता तर तिची एक संध्याकाळ वाचली असती.

फोटोंबाबत माझे मत ठाम आहे : प्रदर्शनातला सजवलेला फोटो जोडणीसाठी उपयोगाचा नाही. दिवसाउजेडी, सरळ वरून, पिनांची नावे वाचता येतील असा फोटो हवा. लाल वायर फक्त पुरवठ्याला आणि काळी फक्त ग्राउंडला असावी. सेन्सरवरील चिपच्या अक्षरांचा जवळून घेतलेला फोटोही द्यावा, कारण सारख्याच दिसणाऱ्या सेन्सरांवर कधी टीएलसी-५५५ असते, कधी एनई-५५५. आणि एनई-५५५ ला किमान साडेचार व्होल्ट लागत असल्याने ३.३ व्होल्टवर तिचा भरवसा नसतो.

कोड खुला करण्यापूर्वी वाय-फायचा पासवर्ड वेगळ्या फाइलमध्ये काढून ती `.gitignore` मध्ये नोंदवावी. पासवर्ड एकदा कमिट झाला असेल, तर नंतर ओळ पुसली तरी तो इतिहासात राहतो. अशा वेळी राउटरचा पासवर्डच बदलावा. परवान्याची फाइलही ठेवावी, कारण ती नसेल तर कोड सर्वांना दिसतो, पण वापरण्याची परवानगी कोणालाच मिळत नाही. आम्ही कोडसाठी एमआयटी परवाना निवडला.

या दुरुस्त्यांनंतर आम्ही प्रकल्पाशी संबंध नसलेल्या एका मैत्रिणीला सुटे भाग आणि आमची फाइल दिली आणि शेजारी बसून काहीही न बोलण्याचे ठरवले. ती जिथे थांबली, तिथे वेळ आणि तिचा प्रश्न लिहून घेतला. पहिली अडचण पंधराव्या मिनिटाला आली : रिलेचे तीन स्क्रू टर्मिनल होते आणि पंपाची वायर एनओला लावायची की एनसीला, हे आम्ही कुठेच लिहिले नव्हते.