रूममेटसाठी शेवटच्या रात्रीची कविता : एक अनुभव

हॉस्टेलच्या शेवटच्या रात्री रूममेटला कविता वाचून दाखवायची असेल, तर ती त्याच दिवशी लिहायला घेऊ नका. त्या दिवशी नो ड्यूजच्या सह्या, गादीची गाठोडी आणि मेसचा हिशोब यातच संध्याकाळ होते. मी जळगावला असताना शेवटच्या पेपरच्या आठवडाभर आधी वहीच्या मागच्या पानावर टिपणं सुरू केली होती. ज्यांना पहिल्यांदाच असं काही लिहायचंय, त्यांच्यासाठी ती कविता कशी झाली ते सांगतो.

टिपणांत ‘मैत्री’, ‘आठवणी’, ‘सोनेरी दिवस’ यातलं काहीही लिहायचं नाही. लिहायच्या त्या खोलीतल्या वस्तू आणि त्याच्या सवयी. माझ्या पानावर होतं : चारचा गजर, घरून आलेला ठेचा, कूलर, एकच किल्ली, शिरपूरची गाडी. एवढ्यावर कविता होते. ओळ कामाची आहे की नाही हे ओळखायला एक सोपी परीक्षा आहे. शेजारच्या खोलीतल्या कुणाचंही नाव घालून ती ओळ तशीच चालत असेल, तर ती खोडा. ‘तुझ्यासारखा मित्र नाही’ ही ओळ अख्ख्या मजल्याला चालते. चारचा गजर फक्त त्याचा होता.

छंद म्हणून अष्टाक्षरी घ्या, नवशिक्याला ती लवकर हाताशी येते. प्रत्येक ओळीत आठ अक्षरं, चार ओळींचं कडवं, दुसऱ्या आणि चौथ्या ओळीचं यमक. लघू-गुरू बघावे लागत नाहीत. जोडाक्षर एकच धरायचं, म्हणजे ‘मित्र’ची अक्षरं दोन. आपल्याकडे जात्यावरच्या ओव्या ऐकत वाढलेल्यांच्या कानाला ही चाल जवळची वाटते आणि मोठ्याने वाचताना आवाज आपोआप लयीत पडतो. माझं पहिलं कडवं हे :

तुझा चारचा गजर
उठवी मजला सारा,
गोधडीत तू निवांत,
घोरण्याचा वाहे वारा.

सुरुवात हसवणारीच ठेवा. शेवटच्या रात्री खोलीत सगळ्यांचे गळे आधीच दाटलेले असतात. पहिल्याच ओळीत ‘निरोप’ आला की ऐकणारा मान खाली घालतो आणि पुढचं काही त्याच्या कानावर पडत नाही. हसू आलं की तो तुमच्याकडे बघायला लागतो. मात्र हसायचं ते सवयीवर. राहिलेला विषय, घरची पैशांची ओढाताण, एखाद्या मुलीचं नाव, यातलं काही कवितेत नको. त्यावर बाकीचे हसतील, पण तो हसणार नाही. खाण्यापिण्याचं मात्र हमखास चालतं :

डबा उघडला तुझा,
ठेचा झोंबे खोलीभर,
शिंकत आले रेक्टर
चतकोर हातावर!

इथे तिसऱ्या ओळीत ‘रागावून आले रेक्टर’ असंही सुचतं, पण त्याची अक्षरं नऊ होतात आणि ओळ वाचताना जीभ अडखळते. अक्षरं जास्त झाली की शब्द कापू नका, दुसरा शोधा. ‘शिंकत’ने मोजही जमली आणि चित्रही जास्त गंमतीचं झालं. रेक्टर सर ओरडायला म्हणून आले आणि चतकोर भाकरी घेऊन दारात उभे राहिले, हे आमच्या मजल्यावर सगळ्यांनी पाहिलं होतं, म्हणून त्यावर सगळे हसले.

आता खरं अवघड काम. हसण्याकडून मायेकडे वळायचं कसं? बहुतेक जण दोन कडवी गमतीची लिहितात आणि मग ‘पण आता’ म्हणून एकदम रडवेले होतात. तो सांधा ऐकताना खडखडतो. माझं म्हणणं असं की, ज्या वस्तूवरून हसवलंत तिच्यातच माया दाखवावी. आमच्याकडे ती वस्तू कूलर होती. मे महिन्यात जळगावला पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि रात्रीही भिंती गरम असतात. दोन खाटा, एक कूलर आणि त्याचं तोंड कुणाकडे, यावरून रोज वाद. पण माझ्या सगळ्यात अवघड पेपरच्या आदल्या रात्री त्याने न बोलता तोंड माझ्याकडे फिरवलं आणि भिंतीकडे कूस करून झोपला.

कूलरच्या तोंडासाठी
झाली रोज मारामारी,
माझ्या पेपरच्या राती
घाम तुझ्या अंगावरी.

‘तू माझ्यासाठी त्याग केलास’ असं यात कुठेही नाही. घाम कुणाच्या अंगावर होता एवढंच सांगितलं. त्याला ती रात्र आठवणारच आहे, त्याचा अर्थ त्याला समजावून सांगायची गरज नाही. हे कडवं वाचून झाल्यावर मी थोडा थांबलो. तुम्हीही अशा ठिकाणी थांबा, लगेच पुढची ओळ ढकलू नका.

यानंतर निरोपाचं एक कडवं पुरतं :

किल्ली एकच दोघांत,
चौकटीच्या वर ठेवू,
उद्या कुलूप दुसरं,
हात कुठे आता नेऊ?

यापुढे ‘पाखरं’, ‘घरटं’, ‘वाटा वेगळ्या’ यायला लागले की समजा, सांगण्यासारखं संपलंय. तिथे सरळ शेवटाकडे वळा.

शेवटच्या कडव्यात त्याची बोली आणा. मी यावलकडचा, तो शिरपूरकडचा. खोलीत आम्ही बोलायचो पुस्तकी मराठी, पण झोपेत आणि भांडताना तो अहिराणीच बोलायचा. रूममेटच्या बोलीतली एक ओळ फार काम करते. पण एकच घ्या आणि ती त्या बोलीतल्या कुणाकडून तरी आधी तपासून घ्या. बोली चुकली तर ती चेष्टा वाटते. मी त्याच्याच गावाकडच्या एका ज्युनियरला विचारलं होतं.

तुझी सकाळची एस्टी,
लाव गजर फिरूनी,
हाक देईन तुला मी,
“ऊठ ना भो, गाडी उनी!”

‘एसटी’ लिहिताना तीन अक्षरं दिसतात, पण आपण म्हणतो ‘एस्टी’, म्हणून मी तशीच लिहिली. मोजताना डोळ्यापेक्षा तोंडावर विश्वास ठेवा. टाळी देत मोठ्याने वाचा. एखाद्या ओळीला टाळी पुढे-मागे झाली, तर अक्षर कमी-जास्त आहे. गजरही इथे परत आलाय. मजल्याला उठवणारा तो गजर त्याला कधीच उठवू शकला नाही, म्हणून आता हाक मारायची.

पाच कडव्यांच्या वर जाऊ नका. एवढं वाचायला दीड-दोन मिनिटं लागतात आणि दाराशी गर्दी करून उभी असलेली पोरं तेवढाच वेळ गप्प राहतात. वाचायची वेळ जेवणानंतरची, सामान बांधायच्या आधीची. एकदा बॅगा बांधायला घेतल्या की प्रत्येकाचं लक्ष चार्जर आणि बादली कुणाची यातच असतं.

रूममेट लाजाळू असेल, तर मजल्यासमोर गजर आणि ठेच्याची कडवी तेवढी वाचा. कूलरपासूनचं पुढचं सगळे गेल्यावर, दोघेच असताना. आणि कविता फोनवर पाठवून मोकळे होऊ नका. स्वच्छ अक्षरात कागदावर लिहा, खाली तारीख आणि खोली नंबर टाका आणि त्याच्या बॅगेत कपड्यांच्या घडीत ठेवा. वाचताना हशा-गोंगाटात अर्ध्या ओळी त्याच्या कानावरून गेलेल्या असतात. त्या त्याला गाडीत बसल्यावर निवांत वाचता येतील.