सेपरेटरच्या अलीकडचा खर्च कुणाच्या खात्यात?

कॉस्टिंगचं प्रशिक्षण मी सांगली जिल्ह्यातल्या एका दूध प्रक्रिया प्रकल्पात केलं. संयुक्त उत्पादनांचा धडा तोवर दोनदा वाचून झाला होता, पण तो खरा कळला तो सेपरेटरपाशी उभं राहिल्यावर. एका नळीतून कोमट दूध आत जातं आणि दोन नळ्यांतून दोन वस्तू बाहेर येतात, एकीतून क्रीम आणि दुसरीतून स्किम दूध. त्या जागेच्या अलीकडे दोघांचा खर्च एकच असतो. शेतकऱ्याला दिलेला दर, टँकरचं भाडं, डॉकवरची तपासणी, थंड करणं, पुन्हा तापवणं, यातला कुठलाही रुपया 'हा क्रीमचा, हा स्किमचा' असा वेगळा दाखवता येत नाही. पुस्तकातला स्प्लिट-ऑफ पॉइंट म्हणजे हीच जागा.

मला पहिलं काम मिळालं ते एका दिवसाचं खर्चपत्रक करायचं. खाली दिलेले आकडे समजायला सोपे जावेत म्हणून मी गोल केले आहेत, पण रीत तीच आहे. १०,००० किलो गाईचं दूध, फॅट ४ टक्के, म्हणजे ४०० किलो फॅट. ४० टक्के फॅटचं क्रीम काढलं की साधारण १,००० किलो क्रीम आणि ९,००० किलो स्किम मिळतं. स्किममध्ये थोडी फॅट राहतेच, ती इथे सोडून देऊ. सेपरेटरपर्यंतचा एकूण खर्च ३,५१,००० रुपये.

मी तो वजनावर वाटला. क्रीमला १० टक्के म्हणजे ३५,१०० आणि स्किमला ३,१५,९००. पुढे क्रीमचं ३९० किलो तूप झालं आणि ते ६०० रुपये किलोने २,३४,००० ला गेलं. स्किम वाळवून ८०० किलो पावडर झाली, २४० च्या दराने १,९२,००० ची. सेपरेटरनंतरचा खर्च तुपावर निव्वळ १२,००० आणि पावडरीवर २४,०००. माझ्या पत्रकात तुपाला १,८६,९०० नफा दिसला आणि पावडरीला १,४७,९०० तोटा. मी खाली शेरा लिहिला: पावडर विभाग बंद करण्याचा विचार व्हावा.

आमच्या कॉस्टिंगच्या साहेबांनी शेरा वाचला आणि पत्रक माझ्याकडे सरकवलं. म्हणाले, "अगं, पावडर बंद केलीस तर स्किम कुठं ओतणार? आणि दुधाचं बिल नऊ दशांशानं कमी होणार हाय का?"

त्या दोन प्रश्नांत माझी चूक होती. वजनाची पद्धत मुळात वाईट नाही. निघणाऱ्या वस्तू एकाच जातीच्या असतील, दरही जवळजवळ असतील, तर ती चालते. इथे मात्र एक किलो क्रीममध्ये फॅट आहे आणि एक किलो स्किममध्ये नव्वद टक्क्यांवर पाणी. मी पाण्याच्या वजनावर शेतकऱ्याच्या दुधाचा दर वाटत होते. कुठलीही वाटणी केल्यावर एक वस्तू फुगलेली आणि दुसरी बुडालेली दिसली, तर आधी वाटणीच्या पायावर शंका घ्यावी.

मग साहेबांनी निव्वळ विक्रीमूल्यावर वाटायला लावलं. अंतिम विक्रीतून सेपरेटरनंतरचा खर्च वजा करून मागे यायचं. तूप: २,३४,००० वजा १२,००० म्हणजे २,२२,०००. पावडर: १,९२,००० वजा २४,००० म्हणजे १,६८,०००. बेरीज ३,९०,०००. संयुक्त खर्च या बेरजेच्या बरोबर ९० टक्के आहे. म्हणून क्रीमकडे १,९९,८०० आणि स्किमकडे १,५१,२०० गेले. तुपाचा नफा २२,२००, पावडरीचा १६,८००, एकूण ३९,०००. माझ्या पहिल्या पत्रकातही एकूण नफा ३९,००० च होता! वाटणी बदलल्याने डेअरीच्या गल्ल्यात एक रुपयाही वाढत किंवा घटत नाही. फरक पडतो तो शिल्लक मालाच्या किमतीत आणि कुठल्या वस्तूकडे बोट दाखवलं जातं त्यात. साठ्याच्या मूल्यांकनाचं आपलं लेखा मानक दोन, म्हणजे एएस २, संयुक्त खर्च तर्कसंगत आणि सातत्यपूर्ण पायावर वाटायला सांगतं. उदाहरण म्हणून ते सापेक्ष विक्रीमूल्यच देतं. कॉस्ट अकाउंटंट्सच्या संस्थेचं सीएएस-१९ हे मानक तर खास संयुक्त खर्चावरच आहे, ते मुळातून वाचा.

पण या पद्धतीलाही मर्यादा आहे, आणि ती परीक्षेच्या गाइडमध्ये क्वचितच दिसते. समजा पावडरीचा दर २४० वरून १५० वर आला. पावडरीचा दर असा कोसळणं दूधधंद्यात नवं नाही. आता पावडरीचं निव्वळ मूल्य ९६,००० आणि दोन्हीची बेरीज ३,१८,०००. खर्च ३,५१,००० च असल्याने ३३,००० तोटा. तो वाटला की क्रीमकडे सुमारे २,४५,०३८ खर्च जातो आणि तूपही २३,०३८ तोट्यात दिसतं. तुपाचा दर तोच, उतारा तोच, खर्चही तोच, आणि तरी तूप तोट्यात! ही पद्धत दोघांना एकत्र तारते आणि एकत्र बुडवते. त्यामुळे 'कुठली वस्तू चांगली कमावते' हे तिला विचारूच नये.

निर्णयासाठी सेपरेटरच्या पलीकडेच बघायचं. पावडर २४० ला असताना कुणी स्किम तसंच १८ रुपये किलोने मागितलं, तर १,६२,००० येतील. वाळवून १,६८,००० सुटतात, म्हणून वाळवायचं. १९ रुपये मिळाले तर १,७१,००० होतात, तेव्हा विकून टाकायचं. पावडर १५० ला असेल तर १२ रुपयांची मागणीही परवडते, कारण वाळवून हाती ९६,००० च उरणार आणि विकून १,०८,००० येणार. या हिशोबात दुधाचा दर कुठेच आला नाही. तो खर्च आधीच झालेला आहे, दोन्ही वाटांनी सारखाच.

आता त्या निव्वळ १२,००० बद्दल. क्रीम कढवलं की तळाशी बेरी राहते. घरी आम्ही ती साखर घालून खायचो, आईच्या हातची चव अजून जिभेवर आहे. डेअरीत तिची किंमत तुपापुढे किरकोळ, म्हणून ती उपउत्पादन. तिला संयुक्त खर्चाचा वाटा द्यायचा नाही, तिच्या विक्रीचे पैसे खर्चातून वजा करायचे. समजा ५० किलो बेरी ६० रुपयांनी गेली, तर ३,००० रुपये आले. प्रश्न असा की ते वजा कुठल्या खर्चातून करायचे? मी आधी ३,५१,००० मधून केले होते. ते चुकलं, कारण बेरी सेपरेटरवर निघत नाही, ती तुपाच्या कढईत निघते. ३,५१,००० मधून वजा केली तर तिचा काही फायदा पावडरीलाही मिळतो. म्हणून तुपाच्या १५,००० कढवणी खर्चातून ३,००० वजा केले आणि १२,००० उरले.

उपउत्पादन हा शिक्काही कायमचा नसतो. आपल्या भागातल्या साखर कारखान्यांत मळी वर्षानुवर्षं साखरेच्या खर्चातून वजा होणारी वस्तू होती. बी-हेवी मळीपासून इथेनॉल करायचं म्हटलं की कारखाना काही साखर मुद्दाम मळीतच सोडतो. साखर सोडून जी वस्तू काढली जाते, तिला किरकोळ म्हणणं अवघड होतं. म्हणून नव्या ठिकाणी रुजू झालात की जुन्या पत्रकातले शिक्के तसेच उचलू नका. गेल्या दोन-तीन वर्षांत त्या वस्तूने एकूण विक्रीतला किती भाग दिला आणि ती मिळावी म्हणून कुणी प्रक्रिया बदलली का, हे आधी प्लँटवर जाऊन विचारा.