मसुद्यातली क्रियापदं आधी बघा

मशीनने लिहून दिलेला पोस्टचा मसुदा कृत्रिम वाटतो तो बहुतेकदा क्रियापदांमुळे. ‘करण्यात आले’, ‘प्राप्त झाला’ अशी रूपं आधी शोधा आणि कोणी काय केलं ते सरळ लिहा. ‘सहलीदरम्यान आम्हाला अविस्मरणीय अनुभव प्राप्त झाला’ याचं ‘सहलीत खूप मजा आली’ केलंत तरी काम अर्धंच होतं, कारण हे कोणीही लिहील. ‘अविस्मरणीय’च्या जागी घडलेली गोष्ट हवी: ‘गाडी चुकली, मग फलाटावरच पत्त्यांचा डाव मांडला.’ ती मसुद्यात सापडत नाही. ज्याची पोस्ट आहे त्यालाच विचारावी लागते. मग मोठ्याने वाचा, अडखळाल तिथे वाक्य तोडा. ‘केले’ आणि ‘केलं’ यांची सरमिसळ मात्र ठेवू नका. तो माणूस जसं बोलतो तेच रूप शेवटपर्यंत हवं.