तीन आठवडे विक्री शून्य, तर जाहिरात बंद करायची का?

समजा, नाशिकमध्ये गंगापूर रोडवर तुमचं फर्निचरचं दुकान आहे. एका सोफासेटमागे जाहिरातीवर ७,५०० रुपये परवडतात आणि क्लिक १५ रुपयांना पडतो. म्हणजे ५०० क्लिकमागे एक विक्री हवी. पण जाहिरात अगदी याच दराने चालत असली, तरी पहिल्या ५०० क्लिकमध्ये एकही विक्री न होण्याची शक्यता सुमारे ३७ टक्के असते! १,५०० क्लिकनंतरही शून्यच असेल, तर ती ५ टक्क्यांवर येते. तेव्हा खुशाल थांबवा. मात्र गेल्या महिन्याभराचे क्लिक या हिशोबात धरू नका. सोफा घरच्यांना दाखवून, दिवाणखान्याचं माप घेऊनच ठरतो. तोवर किंमत विचारणारे फोन आणि दुकानात आलेली गिऱ्हाईकं वहीत मोजा.